पोती बरोबर, वजन कमी: तारण गोदामातल्या सोयाबीनची घट कशी तपासावी

प्रश्न: «लातूर भागातल्या एका खाजगी गोदामात बँकेच्या तारणाचे सोयाबीन तपासायला गेलो होतो. ४१ पावत्या, ६,००० पोती, प्रत्येकी निव्वळ ६० किलो, म्हणजे ३,६०० क्विंटल. माल ऑक्टोबरात आला, तपासणी मे महिन्यात. पोती मोजून बरोबर भरली. १२० पोती वजन केली तर सरासरी ५८.९२ किलो, म्हणजे १.८ टक्के कमी. गोदामवाले म्हणतात, "हवा सुकली, एवढी घट येतेच." पावतीवर ओलावा १०.०, आता त्यांच्या मीटरवर ९.२. त्याच गोदामात दुसऱ्या ठेवीदाराची ३,००० पोती आहेत. विमा १ कोटी ८० लाखांचा आहे. घट मान्य करावी का, आणि अहवालात काय लिहावे?»

उत्तर:

आपण वजन करून पाहिले हे फार चांगले केले, कारण अनेक तपासण्या पोती मोजून आणि थप्पीला लावलेले कार्ड पाहून संपतात. गोदामवाले ज्याला "हवा" म्हणतात तो दाण्यातला ओलावा. आता "एवढी घट येतेच" हे वाक्य बाजूला ठेवू. सुकून झालेली घट हा मताचा विषय नाही, ती हिशेबाने काढता येते. आपल्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की माल आत आला त्या दिवशी त्यात पाणी किती होते, आणि ते आपल्याला पावतीखेरीज दुसऱ्या कशावरून तरी कळते का. उत्तर त्या नोंदी मिळतात की नाही, पोती भरताना जोखून भरली होती की अंदाजाने, आणि आपण वजन केलेली १२० पोती थप्पीतून नेमकी कुठून काढली, या तीन गोष्टींवर अवलंबून राहील.

आधी हिशेब करू. पाणी उडते, पण दाण्यातला कोरडा अंश तेवढाच राहतो. म्हणून घटीचे सूत्र असे आहे:

घट टक्के = (आधीचा ओलावा − आताचा ओलावा) ÷ (१०० − आताचा ओलावा) × १००

आपल्या आकड्यांत १०.० वजा ९.२ म्हणजे ०.८, भागिले ९०.८, म्हणजे ०.८८ टक्के. ३,६०० क्विंटलवर ही घट सुमारे ३१.७ क्विंटल होते. प्रत्यक्षात कमी भरलेले वजन ६४.८ क्विंटल आहे. म्हणजे गोदामवाल्यांची स्वतःची पावती आणि स्वतःचा मीटर दोन्ही खरे मानले, तरी ३३.१ क्विंटलचा खुलासा ओलाव्यातून होत नाही. ६० किलोच्या हिशेबाने ही ५५ पोत्यांची बरोबरी आहे, आणि ४,५०० रुपये क्विंटल असा भाव धरला तर ती जवळजवळ दीड लाखाची आहे. ज्याने पावतीवर १०.० लिहिले त्याला त्या पावतीपेक्षा जास्त पाणी उडाल्याचे सांगता येत नाही, हा मुद्दा गोदामात समोरासमोर शांतपणे मांडावा आणि त्यावरचे उत्तर लेखी घ्यावे.

मात्र ३३ क्विंटलचा आकडा अहवालात जाण्याआधी आपले वजन पक्के करावे लागेल. पहिली शंका बारदानाची. ज्यूटचे पोते त्याच्या प्रकारानुसार अर्धा किलो ते एक किलो भरते, प्लॅस्टिकचे विणलेले पोते शे-सव्वाशे ग्रॅमचे असते. ज्यूटच्या बारदानाची वजावट धरून प्लॅस्टिकच्या पोत्यांचे निव्वळ वजन काढले, किंवा उलट केले, तर पोत्यामागे सुमारे अर्धा किलो इकडचे तिकडे होते, आणि ६,००० पोत्यांवर ते ३० क्विंटल भरते. आपली न जुळणारी तूटही साधारण तेवढीच आहे, म्हणून ही शंका मी सर्वांत आधी मिटवेन. त्याच लॉटमधली दहा रिकामी पोती एकत्र काट्यावर ठेवावीत, सरासरी काढावी, आणि पावती लिहिताना कोणती वजावट धरली होती ते आवक रजिस्टरमध्ये पाहावे. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू मुदतीचा शिक्का आहे की नाही तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दुसरी शंका आपल्या नमुन्याची. थप्पीच्या बाहेरच्या आणि वरच्या थरातली पोती मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आतल्या पोत्यांपेक्षा जास्त सुकतात. हमालांना "पोती काढा" एवढेच सांगितले तर ते हाताशी असलेली, म्हणजे नेमकी हीच पोती काढतात, आणि मग साऱ्या मालाची घट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. पोती कोणती हे आपणच बोट ठेवून सांगावे, आणि त्यात थप्पीच्या पोटातली पोती असलीच पाहिजेत. त्यासाठी वरच्या थरातून खाली तीन-चार थर खोल एक चौकोनी खड्डा काढून घ्यावा लागतो. हमाली लागते आणि गोदामवाले कुरकुर करतात, पण त्या एका खड्ड्यात दोन कामे होतात. आतले पोते वजनाला मिळते, आणि थप्पी भरीव आहे की बाहेरून भिंत रचून आत पोकळ ठेवली आहे हेही दिसते. पायाची लांबी, रुंदी आणि थर यांचा गुणाकार पोकळ थप्पीतही बरोबरच येतो, त्यामुळे "पोती मोजून बरोबर" हे वाक्य मी खड्डा काढल्याशिवाय लिहीत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ज्या पोत्याचे वजन घेतले त्याच पोत्याचा ओलावा घ्यायचा. वजन १२० पोत्यांचे आणि ओलावा गोदामवाल्यांनी आणून दिलेल्या एका वाटीभर दाण्यांचा, अशी जोडी लावली तर सूत्राला अर्थ राहत नाही. परखी पोत्यात तिरकी, मध्यापर्यंत खुपसून नमुना काढावा, तो लगेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि गार झाल्यावर मीटरवर घ्यावा, कारण मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या गोदामातला तापलेला दाणा मीटरला चुकीचे वाचन द्यायला लावतो. मीटर सोयाबीनवर लावलेला आहे ना, तेही स्वतः पाहावे. ओलाव्यात अर्ध्या टक्क्याची चूक झाली की या लॉटवर सुमारे २० क्विंटलचा, म्हणजे नव्वद हजारांचा फरक पडतो. म्हणून काही नमुने मोहोरबंद करून प्रयोगशाळेत ओव्हन पद्धतीने तपासून घ्यावेत आणि मीटर किती चुकतो ते त्यावरून ठरवावे.

आता समजा, बारदान, काटा, नमुना आणि मीटर सगळे नीट करूनही तूट तेवढीच राहिली. पुढे जाण्यासाठी सरासरी सोडून द्यावी आणि १२० पोत्यांची वजने एकेक करून पाहावीत. माल १०.० वरून ९.२ वर सुकला असेल तर ६० किलोचे पोते आज ५९.४७ किलो भरायला हवे. दहापैकी नऊ पोती ५९.४७ च्या आसपास आणि एक ५४ किलोचे निघाले, तरी सरासरी बरोबर ५८.९२ च येते. आणि सगळीच पोती ५८.७ ते ५९.१ च्या दरम्यान निघाली, तरीही सरासरी ५८.९२ येऊ शकते. सरासरी एकच असली तरी गोदामात घडलेली गोष्ट दोन्हींत अगदी वेगळी आहे. पहिल्या प्रकारात काही ठरावीक पोत्यांतून माल काढलेला असतो. दुसऱ्या प्रकारात सगळ्या मालाला एकच कारण लागू होते: एक तर माल आला तेव्हा पावतीवर लिहिले त्यापेक्षा ओला होता, किंवा पोती भरतानाच थोडी कमी भरली होती. अर्थात हे सारे पोती जोखून भरली असतील तरच लागू पडते. अंदाजाने भरलेल्या पोत्यांत दीड-दोन किलोचा फरक मुळातच असतो, आणि तिथे पूर्ण थप्पी वजनकाट्यावर नेण्याला पर्याय राहत नाही.

हलकी पोती वेगळी निघाली तर त्यांचे तोंड पाहावे. एका लॉटची पोती एकाच मशीनवर, एकाच रंगाच्या दोऱ्याने, सारख्या अंतरावर शिवलेली असतात. उघडून पुन्हा शिवलेल्या पोत्याला हाताची टीप असते, दोरा वेगळा असतो, जुन्या टाक्यांची भोके टिपेच्या शेजारी रिकामी दिसतात, आणि पोते उभे केले की तोंडाजवळ सैल पडते. अशी पोती थप्पीत कुठे होती याचा नकाशा काढावा. ती दाराकडच्या बाजूला किंवा एकाच थप्पीत एकवटलेली असतील, तर ते अहवालात जसेच्या तसे लिहावे आणि फोटो जोडावेत. या ठिकाणी उंदीर आणि कीड ही कारणेही पुढे केली जातात. उंदराने फाडलेले पोते आणि खाली सांडलेला माल डोळ्यांना दिसतो, आणि झाडून गोळा केलेल्या मालाची नोंद गोदामात असायला हवी. कीड हरभऱ्याला जशी लागते तशी सोयाबीनला सहसा लागत नाही, म्हणून पोखरलेले दाणे आणि भुसा दाखवल्याशिवाय ते कारण मी मानत नाही.

सगळीच पोती सारखी हलकी निघाली तर मात्र ऑक्टोबरकडे वळावे लागते, आणि आपल्या प्रश्नातला एक तपशील मला तिथेच खटकतो. ४१ पावत्या आणि सगळ्यांवर ओलावा १०.० असेल, तर तो मोजलेला आकडा वाटत नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव १०-२-२ वर बोलला जातो, म्हणजे १० टक्के ओलावा, २ टक्के काडीकचरा आणि माती, २ टक्के डागी दाणे. ऑक्टोबरात नव्याने येणारा माल बहुधा त्यापेक्षा ओला असतो आणि गाडीगणिक बदलतो. पावतीवर बाजाराचा ठोकळ निकष उतरवून ठेवला असण्याची शक्यता बरीच आहे. आवकेच्या वेळी सरासरी ओलावा १०.८ असता, तर घट १.७६ टक्के, म्हणजे ६३.४ क्विंटल आली असती आणि आपली तूट जवळजवळ पूर्ण जुळली असती. म्हणजे गोदामवाले "हवा सुकली" म्हणतात ते खरेही असू शकते, पण मग त्यांची पावती खोटी ठरते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

याचा निवाडा तीन ठिकाणी मिळतो. आवकेच्या वेळी प्रत्येक लॉटचा मोहोरबंद नमुना राखून ठेवण्याची पद्धत आहे. तो हवाबंद राहिला असेल, तर त्याचा ओलावा आजही बरेच काही सांगतो. दुसरे ठिकाण म्हणजे कर्जदाराची खरेदी. त्याने माल आडतीवरून घेतला असेल, तर हिशेबपट्टीवर हवेची वजावट लिहिलेली असते, आणि शेतकरी कंपनी असेल, तर तिच्या खरेदी रजिस्टरमध्ये ओलाव्याचा रकाना असतो. कर्जदाराने स्वतः अकरा टक्के ओलाव्याची वजावट घेऊन विकत घेतलेला माल दुसऱ्या दिवशी गोदामात १०.० चा होत नाही. तिसरे ठिकाण म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनकाट्याच्या पावत्या. त्यांची बेरीज ३,६०० क्विंटल अधिक बारदान एवढी येत नसेल, तर माल पहिल्या दिवसापासूनच कमी होता. माल ओला आत गेल्याचे ठरले, तर खालच्या दोन थरांतली पोती उघडून बुरशी आणि काळवंडलेले दाणे अवश्य पाहावेत, कारण तिथे डागी दाण्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर गेले की भावातच वजावट बसते आणि बँकेचे नुकसान वजनातल्या तुटीपेक्षा मोठे होते.

दोन लहान सूचना इथेच नोंदवतो. करारात "एक टक्क्यापर्यंत घट मान्य" असे कलम असेल, तर ती वरची मर्यादा आहे, गोदामवाल्याचा हक्क नव्हे. ओलाव्याच्या हिशेबाने ०.८८ टक्के येत असेल, तर तेवढीच मानावी. आणि हेच गोदाम ऑगस्टमध्ये तपासायचे असेल, तर उलट विचार करावा लागतो. दमट हवेत दाणा पाणी ओढून घेतो, वजन वाढते, आणि त्या वाढीच्या आड काढून नेलेला माल लपतो. पावसाळ्यात वजन पावतीइतकेच भरले, तर मी समाधान न मानता ओलावा पाहतो.

पावत्यांविषयी आता थोडे. हे गोदाम २००७ च्या गोदाम विकास व नियमन कायद्याखाली नोंदलेले असेल आणि पावत्या इलेक्ट्रॉनिक असतील, तर बँकेचे तारण रिपॉझिटरीतच चिन्हांकित होते आणि त्याच पावतीवर दुसरीकडे कर्ज उचलणे अवघड होते. आपण खाजगी गोदाम म्हणता, त्यावरून या बँकेच्या वतीने तारणमाल सांभाळणाऱ्या संस्थेने, म्हणजे कोलॅटरल मॅनेजरने, दिलेल्या साध्या साठा पावत्या असाव्यात. त्या परक्राम्य नसतात. बँकेचा हक्क तारणकरारावर आणि मालाचा ताबा खरोखर कोणाकडे आहे यावर उभा असतो, म्हणून कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे पाहणे तपासणीतच मोडते. पावत्यांची यादी गोदामातून न घेता बँकेकडून घ्यावी आणि पावतीपुस्तकातील सलग क्रमांकांशी ताडावी. मधला क्रमांक रद्द दाखवला असेल, तर मूळ प्रत रद्द शेरा मारून पुस्तकात लावलेली असली पाहिजे. प्रत्येक जावकेसमोर बँकेचे माल सोडण्याचे पत्र असावे आणि त्याची तारीख गाडी फाटकाबाहेर पडण्याच्या आधीची असावी.

शेजारच्या ३,००० पोत्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ती आपल्या कामाच्या पत्रात नसतील, तरी संपूर्ण गोदामातली ९,००० पोती एकाच दिवशी मोजावीत आणि सगळ्या ठेवीदारांच्या पावत्यांच्या बेरजेशी लावावीत. तपासणीच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच्या थप्पीतली पोती तारणाच्या थप्पीवर चढवली, तर आपली मोजणी तंतोतंत भरते आणि तूट शेजारी राहते. आपली वजने एकसारखी नसतील, तर त्याचे हेही एक कारण असू शकते, म्हणून पोत्यांवरची लॉटची खूण थप्पी कार्डाशी जुळते का ते पाहावे.

विमा. सर्वांत आधी हे स्पष्ट असू द्यावे की ही ३३ क्विंटलची तूट कोणत्याही नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. आगीची पॉलिसी आग, वादळ, पूर यांसाठी असते. घरफोडीच्या पॉलिसीला कुलूप तोडल्याची किंवा जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते, आणि साठा मोजताना आढळलेली तूट ती वगळते. नोकराच्या अफरातफरीसाठी फिडेलिटी विमा वेगळा घ्यावा लागतो, तो कोलॅटरल मॅनेजरने घेतला आहे का ते विचारावे. म्हणून बँकेला "माल विमाकृत आहे" एवढे लिहून देणे या तुटीच्या संदर्भात दिशाभूल करणारे ठरेल.

त्यानंतर रक्कम पाहावी. ९,००० पोती म्हणजे ५,४०० क्विंटल, ४,५०० रुपये भावाने २ कोटी ४३ लाख. १ कोटी ८० लाखांची पॉलिसी साऱ्या गोदामातल्या साठ्यावर असेल, तर विमा मूल्याच्या ७४ टक्केच आहे. सरासरीच्या कलमाप्रमाणे ६० लाखांचे नुकसान झाले, तर विमा कंपनी सुमारे ४४ लाख ४४ हजारच देईल. पाच कोटींपर्यंतच्या जोखमीसाठी असलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो, पण इथली उणीव २६ टक्क्यांची आहे, त्यामुळे तिचाही आधार मिळणार नाही. पॉलिसी फक्त आपल्या कर्जदाराच्या मालावर असेल, तर मात्र १ कोटी ६२ लाखांपुढे ती पुरेशी आहे. म्हणून पॉलिसीवर विमाधारक कोण, माल कोणाचा म्हणून लिहिला आहे, बँकेचे नाव बँक कलमात आहे का, आणि गोदामाचा गट क्रमांक प्रत्यक्ष जागेशी जुळतो का, हे शब्दशः वाचावे. त्या गोदामात कापसाच्या गाठी ठेवल्या जात असतील, तर ते विमा कंपनीला कळवलेले आहे की नाही तेही पाहावे, कारण दावा अडण्याचे ते एक ठरलेले कारण आहे.

अहवालात "घट सामान्य मर्यादेत" हे शब्द नकोत. पावतीप्रमाणे ३,६०० क्विंटल, वजनाप्रमाणे ३,५३५.२ क्विंटल, पावतीवरील ओलाव्यानुसार हिशेबाने मान्य होणारी घट ३१.७ क्विंटल, खुलासा न झालेली तूट ३३.१ क्विंटल, असे चार आकडे एकाखाली एक मांडावेत आणि कोणत्या थरातून किती पोती वजन केली ते सांगावे. त्यानंतर आवकेच्या ओलाव्याचा कोणता पुरावा मागितला, कोणता मिळाला आणि कोणता मिळाला नाही, ते लिहावे. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे तारणावर उचलता येणारी रक्कम, मात्र प्रत्यक्ष वजनावरच काढावी, कारण उडालेले पाणी असो की गेलेला माल, बँकेला विकायला दोन्ही मिळणार नाहीत. ३० टक्के मार्जिन धरले, तर पावतीच्या वजनावर १ कोटी १३ लाख ४० हजार येतात आणि प्रत्यक्ष वजनावर १ कोटी ११ लाख ३५ हजार ८८०. खाते पावतीच्या मर्यादेपर्यंत उचललेले असेल, तर २ लाख ४ हजार १२० रुपये आजच जास्तीचे आहेत. भाव खरेदीचा आणि आजच्या बाजाराचा यांतला कमी असेल तो घ्यावा. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत गुणवत्तेच्या वजावटीची जागा मोकळी ठेवून अहवाल अंतरिम म्हणून द्यावा, आणि निकाल हाती येईपर्यंत या थप्प्यांतून माल सोडू नये, अशी सूचना बँकेला त्याच दिवशी लेखी पाठवावी.